मॉक टेस्टचे रोजचे मार्क मोबाईलवर कसे नोंदवायचे आणि आठवड्याचा ट्रेंड कसा बघायचा?

एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेची तयारी करताना मी रोज एक मॉक टेस्ट द्यायचो आणि मार्क वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचो. सोमवारी ३८.५, मंगळवारी ४३.७५, बुधवारी ३४. त्या बुधवारी रात्री मी अभ्यासच केला नाही, कारण एका दिवसात जवळजवळ दहा मार्क गेले होते. शनिवारी ४५.५ आले आणि मी एकदम खूश. मधल्या तीन दिवसांत माझ्या डोक्यात ना काही गळलं होतं, ना काही भरलं होतं. तरी मी दोन्ही वेळा त्या आकड्यावर विश्वास ठेवला.

या परीक्षेत १०० प्रश्न, १०० मार्क आणि एक तास असतो. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव मार्क जातो. माझ्यासारखा निम्म्याच्या आसपास प्रश्न बरोबर आणणारा उमेदवार असेल, तर त्या दिवशी कोणते प्रश्न वाट्याला आले एवढ्यावरच मार्क पाच-सहाने इकडेतिकडे होतात. म्हणून रोजच्या मार्कांवरून काही ठरवायचं नसतं. रोज फक्त नोंद करायची आणि निकाल आठवड्याने बघायचा. हे काम मी गुगल शीट्सच्या मोबाईल अॅपवर केलं. रोज एक मिनिट लागतं.

रोजची नोंद

नवीन शीट उघडा आणि खालच्या टॅबला `Roj` असं नाव द्या. पहिल्या ओळीत सहा रकान्यांची नावं लिहा: तारीख, सिरीज, बरोबर, चूक, मार्क, आठवडा. रोज हाताने भरायचे फक्त पहिले चार. सोडलेले प्रश्न लिहायची गरज नाही, १०० मधून वजा केले की कळतात.

सिरीजच्या रकान्यात टेस्ट कुठली होती ते लिहायचं. मी रोजच्या टेस्ट सिरीजला `A` आणि आयोगाच्या जुन्या पेपरला `PYQ` असं लिहायचो. हा रकाना का हवा ते पुढे येईल. आत्ता फक्त एवढंच बघा की स्पेलिंग रोज अगदी सारखं असलं पाहिजे.

मार्कांचा रकाना म्हणजे E2 मध्ये हा फॉर्म्युला टाका:

```
=IF(A2="","",C2-D2*0.25)
```

आठवड्याच्या रकान्यात म्हणजे F2 मध्ये हा:

```
=IF(A2="","",A2-WEEKDAY(A2,2)+1)
```

दुसरा फॉर्म्युला त्या तारखेच्या आठवड्यातला सोमवार शोधून देतो. सोमवार ते रविवार अशा सगळ्या नोंदींपुढे तीच एक तारीख येते आणि त्यामुळे त्यांचा गट करता येतो. उत्तर म्हणून 45810 असा विचित्र आकडा दिसला तर घाबरू नका. शीटला तारीख आकड्यातच कळते, त्या सेलचा फॉरमॅट Date केला की झालं. दोन्ही सेल कॉपी करून खाली शंभरेक ओळींपर्यंत पेस्ट करून ठेवा. तारीख भरलेली नसेल तोपर्यंत त्या ओळी रिकाम्याच दिसतील.

तारखेचा घोळ

माझं पहिलं शीट इथेच फसलं. मी तारीख `02/06/2025` अशी टाकायचो. माझ्या शीटची सेटिंग अमेरिकेची होती आणि तिकडे महिना आधी लिहितात. त्यामुळे २ जून ही तारीख शीटने ६ फेब्रुवारी म्हणून घेतली. कुठेही एरर आला नाही, फक्त जूनच्या पहिल्या आठवड्यात सहा टेस्ट देऊनही सारांशात शून्य टेस्ट दिसत होत्या. `13/06/2025` टाकल्यावर F रकान्यात `#VALUE!` आलं तेव्हा कुठे ट्यूब पेटली. तेरावा महिना नसतो, म्हणून शीटने ती तारीख न मानता साधा मजकूर मानला होता.

यावर सोपा उपाय म्हणजे तारीख `2025-06-02` अशी, वर्ष आधी घेऊन टाकायची. सेटिंग कुठल्याही देशाची असली तरी मग गोंधळ होत नाही. कायमचा इलाज हवा असेल तर कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये तेच शीट उघडून File मधल्या Settings मध्ये Locale ला India करा. आधीच्या चुकीच्या तारखा मात्र त्याने दुरुस्त होत नाहीत, त्या पुन्हा टाकाव्या लागतात.

आठवड्याचा सारांश

आता दुसरा टॅब घ्या, नाव `Week`. रकाने असे: आठवडा, किती टेस्ट, सरासरी बरोबर, सरासरी चूक, सरासरी मार्क, अचूकता. A2 मध्ये पहिल्या सोमवारची तारीख टाका आणि A3 मध्ये `=A2+7`. A3 खाली पेस्ट करत गेलात की पुढचे सोमवार आपोआप येतात. B2 पासून F2 पर्यंत क्रमाने हे पाच फॉर्म्युले:

```
=COUNTIFS(Roj!F:F,A2,Roj!B:B,"A")
=IFERROR(AVERAGEIFS(Roj!C:C,Roj!F:F,A2,Roj!B:B,"A"),"")
=IFERROR(AVERAGEIFS(Roj!D:D,Roj!F:F,A2,Roj!B:B,"A"),"")
=IF(C2="","",C2-D2*0.25)
=IF(C2="","",C2/(C2+D2))
```

F रकान्याचा फॉरमॅट टक्केवारी ठेवा. अचूकता म्हणजे सोडवलेल्या प्रश्नांपैकी किती बरोबर आले. दर रविवारी ही एक ओळ वाचायची. वाचताना आधी B बघा. सहा टेस्ट दिल्या आणि तिथे पाच दिसत असतील, तर एखादी तारीख नाहीतर सिरीजचं नाव चुकलंय.

माझे चार आठवडे

पहिल्या आठवड्यात, २ जूनपासून, सरासरी ४८ बरोबर आणि ३० चूक होते. मार्क ४०.५. दुसऱ्या आठवड्यात ५१ बरोबर, ३८ चूक, मार्क ४१.५. तिसऱ्यात ५३ बरोबर, ४३ चूक, मार्क ४२.२५. फक्त मार्कांचा रकाना बघितला तर गाडी हळूहळू का होईना, वर चालली होती. मीही तेच समजून बसलो होतो.

पण शेजारचे रकाने वेगळंच सांगत होते. पहिल्या आठवड्यात मी ७८ प्रश्न सोडवत होतो, तिसऱ्यात ९६. एका मित्राने सांगितलं होतं की अटेम्प्ट वाढव, म्हणून वाढवले. या १८ जादा प्रश्नांतून मला काय मिळालं? ५ बरोबर आणि १३ चूक. चार पर्यायांत डोळे मिटून एकाला गोल केला तरी १८ पैकी साधारण साडेचार बरोबर येतातच. म्हणजे माझी ती सगळी ‘प्रगती’ जवळजवळ तुक्क्याची होती. अचूकताही तेच सांगत होती: ६१.५ टक्क्यांवरून ५७.३ आणि मग ५५.२.

तरी मार्क वाढले कसे? पाव मार्काच्या निगेटिव्हमध्ये आंधळा तुक्का तोट्याचा नसतो. चार तुक्क्यांत सरासरी एक लागतो, त्याचा एक मार्क, आणि तीन चुकतात, त्यांचा पाऊण मार्क जातो. चार प्रश्नांमागे पाव मार्क उरतो. यूपीएससी पूर्वच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात चुकीला एक तृतीयांश मार्क जातात, तिथे हा हिशेब बरोबर शून्यावर येतो. (तिथे प्रश्न दोन मार्कांचा असतो, त्यामुळे फॉर्म्युले त्याप्रमाणे बदलावे लागतील.) म्हणून तुक्का मारूच नका असं मी म्हणत नाही. पण त्यातून येणारी वाढ ९६-९७ प्रश्नांवर संपते. पुढे सोडवायला प्रश्नच उरत नाहीत.

चौथ्या आठवड्यात मी दोन गोष्टी बदलल्या. निदान दोन पर्याय कापता आले तरच गोल करायचा, हा एक नियम. आणि रोज रात्री नवीन काही वाचण्याऐवजी त्या दिवशी चुकलेले प्रश्न पुन्हा बघायचे. त्या आठवड्यात ५४ बरोबर, ३० चूक, मार्क ४६.५, अचूकता ६४.३ टक्के. पहिल्या आठवड्याशी तुलना केली तर चुका तेवढ्याच आहेत आणि बरोबर सहाने वाढले आहेत. ही वाढ तुक्क्याची नाही. बहुतेक त्यात घाई कमी झाल्याचाही वाटा असावा, कारण एका तासात ९६ प्रश्न म्हणजे येणाऱ्या प्रश्नांवरही घाईच होते.

मी ओळ कशी वाचतो ते सांगतो. बरोबर वाढले आणि चूक तेवढेच किंवा कमी, तर तयारी वाढतेय. दोन्ही वाढले आणि अचूकता पडली, तर अटेम्प्ट वाढलेत. दोन्ही कमी झाले, तर मी घाबरून प्रश्न सोडतोय. मार्कांची सरासरी एक-दोनने हलली तर मी तिकडे लक्ष देत नाही. सहा टेस्टच्या सरासरीतही दोन मार्कांचा हेलकावा सहज असतो. सलग तीन आठवडे एकाच दिशेने गेली तर मात्र थांबून बघतो.

सिरीज मिसळू नका

एका सिरीजचे पेपर सोपे असतात, दुसरीचे मुद्दाम अवघड. मध्येच सिरीज बदलली आणि मार्क आठने वाढले, तर ती वाढ तुमची की पेपरची, हे कुठलाही फॉर्म्युला सांगू शकत नाही. म्हणून वरच्या फॉर्म्युल्यात `"A"` ही अट आहे. आधी दिलेली टेस्ट पुन्हा देत असाल तर तिला `A2` वगैरे वेगळं नाव द्या. उत्तरं आठवत असतात, त्यामुळे मार्क फुगतात.

खरी पट्टी म्हणजे आयोगाचे जुने पेपर. प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. मी दर दुसऱ्या रविवारी एक पेपर घड्याळ लावून सोडवायचो. तपासताना पहिली नव्हे, अंतिम उत्तरतालिका घ्या, कारण हरकतींनंतर काही उत्तरं बदलतात आणि काही प्रश्न रद्दही होतात. रद्द प्रश्न ना बरोबरमध्ये धरायचा, ना चुकीत. हे पेपर मोजकेच असतात, त्यामुळे सगळे पहिल्याच महिन्यात संपवू नका. माझ्याकडे शेवटच्या तीन आठवड्यांसाठी एकच उरला होता, आणि तोही मी आधी क्लासमध्ये सोडवलेला निघाला.