नांदगावच्या गणेश दैवज्ञाची एक उपपत्ती

विट्याच्या एका शिक्षकमित्राने मागे मोबाइलवर एका पानाचा फोटो पाठवला. पान संस्कृत होते, छापील होते. वरची ओळ अर्धी कापली गेलेली, आणि उजवीकडची अक्षरे पुस्तकाच्या शिवणीत गेलेली. सोबत त्यांनी स्वतः केलेला एका ओळीचा सारांश होता : "गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये वर्तुळाचे क्षेत्रफळ πr² असते हे सिद्ध केले." नववीच्या वर्गात हे सांगावे असा त्यांचा विचार होता. पण शिक्षकखोलीतल्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे, की ही नुसती कागद कापण्याची गंमत आहे, सिद्धता नव्हे. दोघांपैकी बरोबर कोण, हा प्रश्न त्यांनी माझ्याकडे सोपवला होता.

पान होते 'बुद्धिविलासिनी'चे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'वर गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये लिहिलेली ही टीका. गणेश कोकणातल्या नांदगावचा, आजच्या रायगड जिल्ह्यातला. पंचांगकर्त्यांना तो 'ग्रहलाघव' या १५२० च्या ग्रंथामुळे ठाऊक असतो. 'लीलावती' आणि ही टीका पुण्याच्या आनंदाश्रमाने दत्तात्रेय विष्णु आपटे यांच्या संपादनाखाली १९३७ मध्ये छापली. 'लीलावती'त नियम आहेत आणि उदाहरणे आहेत. ते नियम का खरे आहेत याची कारणे, म्हणजे उपपत्ती, टीकाकाराने दिलेल्या आहेत.

अशा पानाचा सारांश करताना पहिली अडचण पान कोठे सुरू होते ही असते. फोटोत एकच पान येते, सिद्धता मात्र पानापानाने चालत नाही. संस्कृत टीकेत उपपत्तीचा प्रारंभ बहुधा 'अत्रोपपत्तिः' या शब्दाने होतो. तो शब्द फोटोत सापडला नाही तर मागचे पान मागवावे. जे सिद्ध करायचे आहे ते त्याच्याही आधी, मूळ श्लोकात असते. शेवटाकडेही तितकेच लक्ष हवे. या श्लोकात वर्तुळाबरोबर गोलाच्या पृष्ठफळाचे आणि घनफळाचेही नियम आहेत; एक उपपत्ती संपून दुसरी कोठे सुरू झाली हे न पाहिल्यास दोन्हींची खिचडी होते.

दुसरी अडचण आकड्यांची. जुन्या पोथ्यांत अपूर्णांकाला मधली रेघ नसे. पूर्णांक वर, त्याखाली अंश आणि त्याखाली छेद, असे एकाखाली एक लिहीत. भास्कराचार्यांच्या उदाहरणात व्यास ७ आहे आणि परिघ २१ पूर्णांक १२३९/१२५०. जुन्या मांडणीत हे २१, १२३९ आणि १२५० असे तीन वेगळे आकडे दिसतात, आणि अनोळखी वाचक त्यांना तीन वेगळी उत्तरे समजतो. खात्री करून घेण्याचा उपाय सोपा आहे. भास्कराचार्यांचे सूक्ष्म गुणोत्तर ३९२७/१२५० आहे. त्याला ७ ने गुणले की २७४८९/१२५० येते, म्हणजे बरोबर २१ पूर्णांक १२३९/१२५०. हिशेब जुळला, म्हणजे वाचन बरोबर.

आता मजकूर पाहू. मूळ नियम असा : परिघाला व्यासाच्या चौथ्या भागाने गुणले की वर्तुळाचे क्षेत्रफळ मिळते. हे झाले साध्य. गणेशाची उपपत्ती थोडक्यात अशी आहे. वर्तुळाचे दोन समान भाग करा. प्रत्येक अर्ध्यात केंद्रापासून परिघापर्यंत हवे तितके, पण दोन्हींत सारखेच, समान टोकदार तुकडे पाडा. मग प्रत्येक अर्ध्याचा परिघ ताणून सरळ करा, म्हणजे करवतीच्या दातांसारखी दोन आकृत्या मिळतात. एकीचे दात दुसरीच्या फटींत बसवा. आयत तयार होतो. त्याची एक बाजू अर्धा परिघ, दुसरी बाजू अर्धा व्यास. दोहोंचा गुणाकार म्हणजे क्षेत्रफळ. आणि अर्धा परिघ गुणिले अर्धा व्यास म्हणजेच परिघ गुणिले पाव व्यास.

आपल्या भूमितीच्या वर्गात पक्ष, साध्य आणि सिद्धता अशी मांडणी असते. या पानावर साध्य आहे, सिद्धतेच्या पायऱ्या आहेत, पण पक्ष लिहिलेला नाही. तो वाचकाने शोधून काढायचा असतो, आणि सारांशाचे खरे काम हेच. त्यासाठी प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारावा : हे कशाच्या आधाराने? उत्तर आधीच्या पायरीत सापडले तर ठीक. सापडले नाही, तर ते गृहीतक म्हणून वेगळे लिहावे.

तुकडे केले आणि पुन्हा जुळवले तरी एकूण क्षेत्रफळ तेच राहते. याला आधार दिलेला नाही, म्हणून हे पहिले गृहीतक. ते मान्य करायला कोणाची हरकत नसते. आयताचे क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी, हे दुसरे. तेही वाचकाला आधीपासून ठाऊक. पण परिघ ताणून सरळ करा, ही पायरी पाहा. प्रत्येक तुकड्याचा तळ वर्तुळाचा कंस आहे, तो वाकडा आहे. तो सरळ धरला तरच तुकडा त्रिकोण होतो आणि दात फटीत बिनचूक बसतात. म्हणून तिसरे गृहीतक असे लिहावे लागते : तुकडे पुरेसे बारीक असतील तर कंस सरळ रेषा मानता येतो. पानावर हे वाक्य नाही, पण सगळा भार त्याच्यावर आहे.

तो भार किती, हे भास्कराचार्यांच्याच व्यास ७ च्या वर्तुळावर तपासू. त्रिज्या साडेतीन. बारा समान तुकडे केले तर प्रत्येकाचा केंद्रापाशी कोन ३० अंशांचा. कंसाच्या जागी जीवा घेतली, तर दोन बाजू साडेतीनच्या आणि मधला कोन ३० अंश असा त्रिकोण होतो. त्याची उंची साडेतीनच्या निम्मी, म्हणजे पावणेदोन, क्षेत्रफळ ३.०६२५. अशा बारा त्रिकोणांचे मिळून ३६.७५. हे वर्तुळाच्या आत बसते, म्हणून कमी आहे. उलट कंसाच्या मध्यावर स्पर्शिका काढून बाहेरचे त्रिकोण घेतले तर बेरीज सुमारे ३९.३९ येते, ती जास्त आहे. खरे क्षेत्रफळ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी. २४ तुकडे केले की मर्यादा सुमारे ३८.०५ आणि ३८.७१ अशा होतात. ९६ तुकडे केले की ३८.४६ आणि ३८.५०. भास्कराचार्यांचे उत्तर ३८ पूर्णांक २४२३/५०००, म्हणजे ३८.४८४६. ते या चिमट्यात बसते. चिमटा हवा तितका आवळता येतो, म्हणून तिसरे गृहीतक भरवशाचे आहे. पण हे आपण दाखवले. पानावर ते नाही.

इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने हाच निष्कर्ष सिद्ध केला होता. त्याचे विधान असे, की वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्या आणि परिघ या काटकोनी बाजू असलेल्या त्रिकोणाइतके असते. त्याने क्षेत्रफळ याहून जास्त मानले तर विसंगती, कमी मानले तरी विसंगती, असे आत-बाहेरच्या बहुभुजांच्या साहाय्याने दाखवले. गणेशाने एका वाक्यात ओलांडलेल्या जागी आर्किमिडीजने आपले सगळे बळ खर्च केले आहे. उलट निष्कर्ष खरा का, हे मुलाला डोळ्यांनी दिसते ते गणेशाच्या आयतात. गणेशाच्या आधी केरळात नीलकंठ सोमयाजीनेही आर्यभटीयावरील भाष्यात असेच तुकडे जुळवून दाखवले आहेत.

आता निष्कर्ष. मित्रांच्या सारांशात πr² होते. πr² पानावर नाही. गणेशाने परिघ आणि क्षेत्रफळ यांचे नाते सिद्ध केले. परिघ व्यासाच्या किती पट, याविषयी ही उपपत्ती काहीच सांगत नाही. परिघ २२/७ ने काढा की ३९२७/१२५० ने, आयत तसाच राहतो. पहिल्याने क्षेत्रफळ ३८.५ येईल, दुसऱ्याने ३८.४८४६. उपपत्तीतून जे खरोखर मिळते ते याहून महत्त्वाचे आहे : परिघ काढताना जी संख्या लागते तीच क्षेत्रफळ काढतानाही लागते, दुसरी शोधावी लागत नाही. 'πr² सिद्ध केले' असे लिहिले की नेमकी हीच गोष्ट झाकली जाते, कारण दोन्ही ठिकाणी π हे एकच अक्षर आपण आधीच वापरलेले असते.

मी मित्रांना जो सारांश पाठवला तो असा :

गृहीतके : (१) कापून जुळवल्याने क्षेत्रफळ बदलत नाही. (२) आयताचे क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी. (३) तुकडे पुरेसे बारीक असतील तर त्यांचे वाकडे तळ सरळ मानता येतात. हे तिसरे पानावर लिहिलेले नाही, पण वापरलेले आहे.

मुख्य पायऱ्या : वर्तुळाचे दोन अर्धे, प्रत्येकाचे सारख्या संख्येने टोकदार तुकडे, परिघ सरळ करून दात एकमेकांत बसवणे, अर्धा परिघ आणि अर्धा व्यास या बाजूंचा आयत.

निष्कर्ष : क्षेत्रफळ = अर्धा परिघ × अर्धा व्यास.

आमची भर : तिसरे गृहीतक जीवा आणि स्पर्शिका घेऊन तपासता येते. π ची किंमत या उपपत्तीतून मिळत नाही.

शेवटची ओळ वेगळी ठेवण्याला कारण आहे. कोलब्रुकने १८१७ मध्ये 'लीलावती'चे इंग्रजी भाषांतर लंडनला छापले, तेव्हा गणेशाची ही उपपत्ती त्याने तळटीपेत थोडक्यात दिली होती. तरीही भारतीय गणितात नियम आहेत, सिद्धता नाहीत, असे पुढे पुष्कळांनी लिहिले. त्याला उत्तर म्हणून आपण पानावर नसलेले गणेशाच्या तोंडी घातले, तर पान उघडून पाहणारा पहिलाच जाणकार आपले सगळे म्हणणे खोडून काढील, आणि त्यात जे खरे आहे तेही जाईल.

मित्रांचे उत्तर विट्याच्या माणसाला शोभेसे होते. त्यांच्या गावची घरेच्या घरे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत. त्यांनी लिहिले, "आमच्याकडे सोने भट्टीत घालण्यापूर्वी तोलतात आणि काढल्यावरही तोलतात. सहकाऱ्यांना सांगितले, तुम्ही कमी तोललेत, मी जास्त." वर्गात त्यांनी पुठ्ठ्याचे वर्तुळ कापले, आधी बारा तुकड्यांचे, मग चोवीस. फळ्यावर चार शीर्षके लिहिली. 'आमची भर' या शीर्षकाखाली मुलांनी काय काय लिहिले, ते त्यांनी मला पुढच्या फोटोत पाठवले. या वेळी पानाच्या चारही कडा त्यात आल्या होत्या.