मार्जिनवरील समभाग खरेदी

मार्जिनवरील समभाग खरेदी म्हणजे समभागांच्या किमतीचा काही भाग स्वतः भरून उरलेला भाग दलालाकडून कर्जाऊ घेऊन केलेली खरेदी होय. घेतलेले समभागच कर्जाला तारण असतात. स्वतः भरलेल्या हिश्श्याला मार्जिन म्हणतात. भाव उतरल्यामुळे हा हिस्सा ठरावीक प्रमाणाखाली गेला की दलाल अधिक रकमेची मागणी करतो. या मागणीला मार्जिन कॉल असे म्हणतात.

पार्श्वभूमी

मुंबई शेअर बाजारात उधारीवरील व्यवहारांची जुनी पद्धत ‘बदला’ या नावाने ओळखली जात असे. तीत खरेदीदार व्याज भरून आपला सौदा पुढील पूर्ततेपर्यंत लांबवीत असे. सेबीने ही पद्धत जुलै २००१ पासून बंद केली. मार्च २००४ मध्ये सेबीने मार्जिन ट्रेडिंगचे नियम घालून दिले. त्यांनुसार खरेदीच्या वेळी किमान ५० टक्के आणि त्यानंतर सतत किमान ४० टक्के मार्जिन राखणे आवश्यक होते. पुढील उदाहरणात हीच प्रमाणे घेतली आहेत.

परतावा

अंबरनाथ येथील एका गुंतवणूकदाराने ५०० रुपये भावाने २०० समभाग घेतले, असे समजू. एकूण किंमत १,००,००० रुपये झाली. त्यांपैकी ५०,००० रुपये स्वतःचे व ५०,००० रुपये वार्षिक १२ टक्के व्याजाचे कर्ज आहे. सहा महिन्यांचे व्याज ३,००० रुपये होते. दलाली व कर येथे धरलेले नाहीत.

सहा महिन्यांत भाव २० टक्के चढून ६०० रुपये झाल्यास समभागांचे मूल्य १,२०,००० रुपये होते. कर्ज व व्याज मिळून ५३,००० रुपये फेडल्यावर ६७,००० रुपये उरतात. ५०,००० रुपयांवर १७,००० रुपये, म्हणजे ३४ टक्के नफा होतो. भाव २० टक्के उतरून ४०० रुपये झाल्यास फेडीनंतर २७,००० रुपयेच उरतात आणि तोटा ४६ टक्के होतो. नफा व तोटा सममित नाहीत, कारण व्याज दोन्ही वेळा द्यावे लागते. भाव ५०० रुपयांवरच राहिला तरी ६ टक्के तोटा होतो. समभागाचा परतावा व्याजदरापेक्षा अधिक असेल तरच कर्ज फायद्याचे ठरते.

मार्जिन कॉलचा भाव

मार्जिनचे प्रमाण समभागांच्या चालू मूल्यावर मोजतात. मार्जिन ४० टक्के असताना कर्ज हे मूल्याच्या ६० टक्के असते. त्यावरून पुढील सूत्र मिळते.

मार्जिन कॉलचा भाव = कर्ज ÷ [समभागांची संख्या × (१ − मेंटेनन्स मार्जिन)]

वरील उदाहरणात ५०,००० ÷ (२०० × ०.६०) = ४१६.६७ रुपये. म्हणजे भाव सुमारे १६.७ टक्के उतरताच मागणी येते. सहा महिन्यांचे व्याज न भरता कर्जात मिळवले गेले, तर हा भाव ४४१.६७ रुपयांपर्यंत चढतो. समभागाचा भाव स्थिर असतानाही धोक्याची पातळी अशी वर सरकत जाते. अमेरिकेत सर्वसाधारण किमान मेंटेनन्स मार्जिन २५ टक्के आहे. त्या प्रमाणाने, व्याज न धरता, हाच भाव ३३३.३३ रुपये आला असता.

मागणीची पूर्तता

व्याज वेगळे भरले जात असून भाव ४०० रुपये झाला, असे समजू. मूल्य ८०,००० रुपये, कर्ज ५०,००० रुपये आणि स्वतःचा हिस्सा ३०,००० रुपये होतो. आवश्यक मार्जिन ३२,००० रुपये असल्याने तूट २,००० रुपयांची आहे. रोख भरल्यास तेवढीच रक्कम पुरते. रोख नसल्यास ५,००० रुपयांचे, म्हणजे १३ समभाग विकावे लागतात, कारण विक्रीमुळे कर्जाबरोबर तारणही घटते. मुदतीत पूर्तता न झाल्यास दलाल समभाग विकून वसुली करू शकतो.

मर्यादा

सूत्रातून मागणीचा भाव कळतो, परंतु विक्री त्याच भावाला होईल याची शाश्वती नसते. २५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईतील झी एंटरटेनमेंट एंटरप्रायझेस या कंपनीचा समभाग एका दिवसात सुमारे २६ टक्के कोसळला. तेथे प्रवर्तकांनी समभाग तारण ठेवून कर्जे घेतली होती. तो मार्जिन ट्रेडिंगचा व्यवहार नव्हता, तरी तत्त्व तेच होते. घसरणीमुळे तारण अपुरे पडते, धनको विक्री करतात आणि विक्रीमुळे भाव आणखी उतरतो. त्यानंतर काही काळ तारण समभाग न विकण्याबाबत प्रवर्तक व धनको यांच्यात समझोता झाला. वरील उदाहरणातील समभाग एका दिवसात २६ टक्के उतरला, तर तो ४१६.६७ रुपये ओलांडून थेट ३७० रुपयांवर येईल. भाव २५० रुपयांखाली गेल्यास सर्व समभाग विकूनही कर्ज फिटत नाही व उरलेली रक्कम गुंतवणूकदाराकडे येणे राहते.

जून २०१७ मधील सेबीच्या नियमांनी ५० व ४० टक्क्यांची ठरीव प्रमाणे बदलून मार्जिन प्रत्येक समभागाच्या जोखमीशी जोडले. त्यामुळे भावातील चढउतार वाढले की आवश्यक मार्जिनही वाढते आणि भाव फारसा न उतरताही मागणी येऊ शकते. अशा वेळी सूत्रात त्या दिवशी लागू असलेले प्रमाण घ्यावे लागते.