विमानतळावर फोन चार्ज करताना: अनोळखी यूएसबी पोर्ट आणि दुसऱ्याची केबल

धारूरला विमानतळ नाही. विमान पकडायचं तर आधी बसने छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावं लागतं. गेल्या वर्षी पप्पा असेच निघाले आणि विमानतळावर पोचेपर्यंत त्यांचा फोन १२ टक्क्यांवर आला. चार्जर घरीच राहिला होता. शेजारच्या प्रवाशाची केबल घेऊन त्यांनी खुर्चीजवळच्या यूएसबी पोर्टला फोन लावला आणि मला कॉल केला.

"अरे, स्क्रीनवर `Allow access to phone data?` असं विचारतंय. हो म्हणू का?"

"नका म्हणू. आधी केबल काढा."

कारण सोपं आहे. नेहमीच्या यूएसबी पोर्टमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. चार्जिंगला फोनमधले फोटो-फाइल्स लागत नाहीत. त्यामुळे साधा अ‍ॅडाप्टर हा प्रश्न कधीच विचारत नाही. आयफोनवर `Trust This Computer?` दिसतं, त्याचाही अर्थ तोच. पलीकडे डेटा बोलू शकणारं यंत्र आहे. ते चोराचंच असेल असं नाही, पण तुम्हाला त्याची गरजही नाही. अशा चोरीला 'ज्यूस जॅकिंग' म्हणतात आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या फसवणूकविषयक पुस्तिकेतही ती सांगितली आहे.

मग प्रश्न आला नाही तर सगळं ठीक? तेवढ्यावर विसंबू नका. २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की बनावट चार्जर स्वतःच कीबोर्ड असल्याचं भासवून तुमच्याऐवजी 'हो' दाबू शकतो. त्यावर अ‍ॅपल आणि गूगलने नव्या आवृत्त्यांत परवानगीआधी पिन किंवा पासवर्ड मागायला सुरुवात केली. म्हणून फोन अपडेट ठेवा. आणि चार्जिंगला लावल्यावर डेटासाठी पिन मागितला तर टाकू नका, केबल काढा.

दुसऱ्याच्या केबलचंही तसंच. ओ.एमजी नावाची केबल बाजारात मिळते. दिसायला साधी, पण प्लगच्या आत चिप बसवलेली. तीही कीबोर्ड बनते. नुसतं बघून फरक कळत नाही.

पप्पांनी शेवटी तिथल्या दुकानातून चार्जर आणि केबल घेतली आणि भिंतीवरच्या तीन पिनांच्या सॉकेटला लावली. तिथून फक्त २३० व्होल्टची वीज येते आणि तिचे ५ व्होल्ट आपलाच अ‍ॅडाप्टर करतो. डेटाला वाटच नाही.

आता त्यांच्या पिशवीत १०,००० एमएएचची पॉवर बँक असते. १० अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ३७ वॉट-तास. विमानातली नेहमीची मर्यादा १०० आहे, त्यामुळे चालते. फक्त ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या सामानात नाही.