लाल ओळींची संख्या आणि खरी निकड

हिशेबाच्या प्रणालीतले रोल तपासून झाले की ऑडिटरच्या हाती एक लांबलचक तक्ता येतो. कोणत्या वापरकर्त्याकडे एकाच वेळी असू नयेत असे कोणते दोन हक्क आहेत, हे त्यात ओळीने दिलेले असते आणि प्रत्येक ओळीपुढे ‘हाय’, ‘मीडियम’ किंवा ‘लो’ असा शेरा असतो. बहुतेक फायनान्स विभागांत या तक्त्याकडे पाहण्याची एक रीत पक्की बसली आहे. ‘हाय’ म्हणजे तातडीचे. ज्या रोलमुळे सर्वांत जास्त लाल ओळी येतात तो रोल आधी मोडायचा. आणि तिमाहीगणिक एकूण आकडा खाली आला की धोका तेवढा कमी झाला असे समजायचे. ही रीत मला चुकीची वाटते. या रीतीने काम भरपूर होते, पण पैसा ज्या वाटेने जाऊ शकतो ती वाट पुष्कळदा उघडीच राहते.

या रूढ रीतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मात्र हलके नाही. ते म्हणतात, नियंत्रणाचा विचार करताना माणसाने काय केले याला महत्त्व नाही. त्याला काय करता येते, यालाच आहे. प्रत्येक ओळीवर स्वतंत्र विचार करायला बसलो, तर विभागप्रमुख आपल्या विश्वासू माणसासाठी सवलत मागतील आणि कारणे सापडतच राहतील. शिवाय 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 143(3)(i) प्रमाणे अंतर्गत वित्तीय नियंत्रणांवर ऑडिटरला मत द्यावे लागते. तिथे ‘आम्हाला हा धोका मोठा वाटला नाही’ हे उत्तर पुरत नाही. मग सगळ्यांना एकच मापदंड लावलेला बरा.

यातला पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. क्षमताच मोजायची आहे. अडचण अशी, की तक्ता क्षमता मोजतच नाही. बऱ्याच वेळा तो फक्त ट्रान्झॅक्शनची नावे जुळवतो. एसएपीमध्ये व्हेंडरची माहिती बदलण्यासाठी FK02, खरेदी आदेशाशिवाय बिल थेट बुक करण्यासाठी FB60, खरेदी आदेशावरून आलेले बिल बुक करण्यासाठी MIRO आणि पेमेंट रनसाठी F110 वापरतात. FK02 आणि FB60 एकाच माणसाच्या नावावर दिसले की लाल ओळ उमटते. पण FB60 उघडता येणे आणि FB60 मधून पोस्टिंग करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोस्टिंगच्या वेळी प्रणाली F_BKPF_BUK ही हक्कनोंद तपासते: कोणत्या कंपनी कोडसाठी आणि कोणती कृती. कृती 01 असेल तर नवे बिल बुक होते. फक्त 03 असेल तर पाहण्यापलीकडे काही करता येत नाही. असा माणूस तक्त्यात लाल दिसतो, प्रत्यक्षात त्याला एक रुपयाही हलवता येत नाही.

उलट चूक याहून घातक असते. एसएपी माणसाच्या सगळ्या रोलमधले हक्क एकत्र करून वाचते. एका रोलमध्ये FB60 उघडण्याची मुभा आहे, पण कृती फक्त 03. दुसऱ्या, कधीकाळी महिनाअखेरच्या कामासाठी दिलेल्या रोलमध्ये F_BKPF_BUK सगळ्या कंपनी कोडसाठी 01 सह आहे. रोल एकेक करून तपासले तर दोन्ही निर्दोष ठरतात. माणसाच्या खात्यात मात्र ते मिळून पूर्ण हक्क होतो. म्हणून तपासणी रोलपाशी थांबवून चालत नाही, ती वापरकर्त्यापर्यंत आणि हक्कनोंदीच्या मूल्यापर्यंत न्यावी लागते. तेवढे केल्यावर जे उरते, त्यालाच क्षमता म्हणता येईल.

आता निकडीकडे येतो. समजा, पुण्याजवळच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत दोन कर्मचारी आहेत. पहिलीकडे FK02 आणि MIRO आहे, दुसऱ्याकडे FK02 आणि FB60. तक्त्यात दोघांपुढेही ‘व्हेंडर बदल आणि बिल नोंद, हाय’ असा एकच शेरा आहे. रूढ रीतीने दोघांची निकड सारखी.

पण पैसा बाहेर जाण्याची वाट पायरीपायरीने चालून पाहा. पहिलीला खोटे बिल MIRO मधून बुक करायचे तर त्यामागे खरेदी आदेश हवा, आणि मालाच्या बिलांसाठी तो सहसा असा लावलेला असतो की स्टोअर्सने माल मिळाल्याची नोंद केल्याखेरीज बिल अडते. म्हणजे खरेदी विभागातला एक आणि स्टोअर्समधला एक अशी आणखी दोन माणसे तिच्यासोबत असावी लागतात. दुसऱ्याला कुणीच लागत नाही. तो निष्क्रिय पडलेला एखादा व्हेंडर उचलतो, त्याचा बँक खाते क्रमांक बदलतो, FB60 मधून ‘दुरुस्ती खर्च’ म्हणून बिल टाकतो आणि पुढच्या पेमेंट रनची वाट पाहतो. एकाच शेऱ्याखालची ही दोन माणसे धोक्याच्या दृष्टीने एकमेकांपासून फार दूर आहेत.

इथे मी एक प्रश्न सगळ्यांत वर ठेवतो: ही वाट वापरली गेली, तर तक्रार करायला कुणी उरते का? ज्याच्याकडे केवळ FK02 आहे, त्यालाही खऱ्या बिलाचे पैसे भलत्या खात्यात वळवता येतात. पण मग खरा व्हेंडर फोन करतो, ‘माझे पैसे आले नाहीत’ म्हणतो आणि गोष्ट उघडी पडते. FK02 सोबत FB60 असले की बिलच खोटे असते. फोन करणारा कुणी अस्तित्वातच नसतो. ज्या जोडीने पैसाही जातो आणि बोंब मारणाराही उरत नाही, ती आधी तोडायची. तक्त्यात तिची एकच ओळ असेल तरीसुद्धा.

याच कंपनीत आणखी एक माणूस धरा, ज्याच्यामुळे मी कंपनी कोडच्या बचावाकडे फार संशयाने पाहतो. त्याला व्हेंडर बदलण्याचा हक्क कोड 1000 साठी आहे, बिल बुक करण्याचा 2000 साठी. अशा ओळीपुढे ‘कंपन्या वेगळ्या, त्यामुळे संघर्ष नाही’ असा शेरा मारून ती बंद करण्याची पद्धत आहे. हिशेबाच्या पुष्कळ जोड्यांसाठी हे बरोबरही आहे. पण व्हेंडरचे बँक खाते LFBK या टेबलात असते आणि त्यात कंपनी कोडचा रकानाच नाही. व्हेंडरची केंद्रीय माहिती बदलण्याचा हक्क असलेल्या माणसाने खाते एकदा बदलले की त्या व्हेंडरचे सगळ्या कंपन्यांमधले पेमेंट नव्या खात्यात जाते. म्हणजे जी ओळ खोटा इशारा म्हणून खोडली गेली, तीच खरी होती.

पेमेंटच्या वेळी सही करणारे असतात ना, असे यावर विचारले जाईल. असतात, आणि भरपाईचे नियंत्रण म्हणून त्यांचेच नाव फाइलवर लिहिले जाते. पण सही करणाऱ्यापुढे काय येते ते पाहा: व्हेंडरचे नाव, रक्कम, खाते क्रमांक. खाते परवाच बदलले, आणि बदलणाऱ्यानेच हे बिल टाकले, हे त्या यादीत दिसत नाही. नियंत्रण आहे एवढ्यावर समाधान मानू नये. ज्या कृत्याला अडवायचे त्याची खूण नियंत्रण करणाऱ्याला दिसते का, ते विचारावे. एसएपीतच याला उपाय आहे. बँक खाते हे संवेदनशील रकान्यांत नोंदवले की बदल झाल्याबरोबर तो व्हेंडर पेमेंट रनसाठी अडतो आणि दुसऱ्या माणसाने FK08 मधून तो बदल मान्य केल्यावरच सुटतो. ही व्यवस्था चालू असेल, FK08 वेगळ्याच माणसाकडे असेल, आणि तो व्हेंडरला आधीपासून नोंदलेल्या नंबरवर फोन करून खात्री करत असेल, तर मी ही जोडी तातडीच्या यादीतून खाली आणीन.

संख्येने निकड कळत नाही याचे सर्वांत जड उदाहरण बेअरिंग्ज बँकेचे आहे. सिंगापूरमध्ये निक लीसन सौदेही करत होता आणि त्या सौद्यांच्या हिशेबपूर्तीचे कामही त्याच्याच हाताखाली होते. 1994 मध्ये बँकेच्या अंतर्गत ऑडिटने ही सत्ता एका हाती एकवटल्याचे लिहून दिले होते. माणूस एक, संघर्ष एक. तो वेळेत तोडला गेला नाही. फेब्रुवारी 1995 मध्ये बँक बुडाली तेव्हा 88888 क्रमांकाच्या खात्याआड लपवत आणलेला तोटा 82.7 कोटी पौंडांवर गेला होता. तिथे शेकडो लाल ओळी कमी करून काहीही साधले नसते.

आणि काही वेळा संघर्ष तक्त्यात येतच नाही, कारण त्याचे दोन भाग दोन प्रणालींत असतात. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतून हमीपत्रांचे संदेश स्विफ्टवरून जात होते आणि कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंद होत नव्हती. 2018 मध्ये ते उघडकीला आले. दोन्ही प्रणाली जोडलेल्या नव्हत्या, म्हणून एकीतल्या कृतीचा दुसरीत पत्ता लागला नाही. कारखान्याच्या हिशेबात याची जागा बँकेच्या पोर्टलची आहे. एसएपीत निर्दोष ठरलेल्या माणसाकडे पोर्टलवर पेमेंट फाइल चढवण्याचा हक्क असेल, आणि फाइल वाटेत उघडून बदलता येत असेल, तर एसएपीचा सगळा तक्ता हिरवा असून उपयोग नाही.

सवलतींचा पूर आणि ऑडिटर, हे पूर्वपक्षाचे आक्षेप उरतात. मी ओळींवर मनाला येईल तसा निर्णय घ्या असे म्हणत नाही. प्रत्येक ओळीपुढे तीनच गोष्टी लिहून ठेवायच्या: हक्क खरोखर उघडतो का, वाटेत आणखी किती माणसे लागतात, आणि गैरवापर झाला तर कुणाला कळेल. उत्तरांखाली नाव आणि तारीख. असा कागद समोर असेल तर विभागप्रमुखाला ‘माणूस विश्वासू आहे’ म्हणायला जागा राहत नाही, कारण तो प्रश्न कागदावर विचारलेलाच नाही. ऑडिटरलाही सरसकट ‘हाय’पेक्षा असा कागद जास्त उपयोगी पडतो.

तोडायचे ठरले की कोणता धागा काढायचा हेही ठरवावे लागते. मी बहुधा व्हेंडर बदलण्याचा हक्क काढतो, कारण बिले रोज येतात आणि खाती क्वचित बदलतात. काम त्यामुळे अडत नाही. महिनाअखेरीला पोस्टिंगचा हक्क ओढून घेतला तर दोन दिवसांत तो घाईघाईने, अधिक रुंद होऊन परत दिला जातो, हे अनुभवाने सांगतो. हिशेबाला तीनच माणसे असलेल्या कचेरीत जोडी तुटणारच नाही. तिथे खातेबदलाची मान्यता मालकाने स्वतःकडे ठेवावी.

हक्क काढल्यावर त्याच वापरकर्त्याची हक्कनोंद पुन्हा वाचावी, कारण संयुक्त रोलमधून तो हक्क परत येऊ शकतो. मग मागे वळावे. व्हेंडर-बदलांची नोंद CDHDR आणि CDPOS मध्ये राहते, बिल कुणी टाकले ते BKPF मध्ये. ज्यांचे बँक खाते आणि बिल एकाच माणसाने हाताळले असे व्हेंडर त्यातून काढावेत, आणि प्रत्येक खाते व्हेंडरच्या मूळ अर्जावरच्या रद्द केलेल्या चेकशी ताडून पाहावे. जोडी आज तुटली असली तरी ती जितके महिने उघडी होती, त्या महिन्यांची तपासणी अजून व्हायची असते.