‘होमोऊसिओस’: एका शब्दाची वाटचाल

ख्रिस्त देव की देवाने घडवलेला? अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू अरियस म्हणे, पुत्र नव्हता असाही एक क्षण होता. सम्राट कॉन्स्टंटाईनने ३२५ मध्ये निकेआला परिषद भरवली. अडचण अशी, की बायबलमधले कोणतेही वचन पुढे केले, तरी अरियसचे समर्थक ते आपल्या अर्थाने मान्य करीत. अखेर परिषदेने बायबलात नसलेला शब्द घेतला : ‘होमोऊसिओस’, म्हणजे पित्याशी एकतत्त्व.

चौथ्या शतकातले लेखक सांगतात, की हाच शब्द साठेक वर्षांपूर्वी अंत्योकच्या परिषदेने नाकारला होता. त्यात पिता आणि पुत्र हा भेदच पुसला जाईल, ही भीती अनेकांना होती. कैसरियाच्या युसेबिअसने मान्यता दिली खरी, पण आपल्या मंडळीला पत्र लिहून शब्दाचा सौम्य अर्थही समजावला!

माझ्या मते खरा गुंता दुसऱ्याच शब्दाचा होता. निकेआने ‘ऊसिया’ आणि ‘हिपोस्टासिस’ समानार्थी वापरले. पुढे कोणी देवात तीन हिपोस्टासिस मानी, कोणी एकच. दोघे परस्परांना पाखंडी समजत. ३६२ मध्ये अथनेसियसच्या परिषदेने दोन्ही पक्षांना नेमका अर्थ विचारला, तेव्हा आशय एकच निघाला. मग बेसिलने वाटणी केली : ऊसिया म्हणजे सामाईक तत्त्व, हिपोस्टासिस म्हणजे प्रत्येकाचे वेगळेपण.

३८१ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलला निकेआचा निर्णय कायम झाला. पण पुत्र पूर्ण देव, तर त्याचे मानवी मन कुठे? ते नव्हतेच, असे म्हणणाऱ्या अपोलिनारिसचे मत याच परिषदेने धिक्कारले, आणि वाद पुत्राच्या देवत्वावरून त्याच्या माणूसपणाकडे वळला.