रात्री दोनची नोंद कशाचा पुरावा?

तिकिटांच्या इतिहासावरून टीमवरचा ताण ओळखता येतो, हे मत आयटी कंपन्यांमध्ये आता रुळलं आहे. पूर्वपक्ष असा आहे: कुठल्या तिकिटावर कोणी, काय आणि कधी बदललं याची नोंद आपोआप होते. त्यातल्या रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतच्या आणि शनिवार-रविवारच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात आणि एकूण नोंदींशी त्यांचं प्रमाण पाहावं. प्रमाण वाढलं की टीम थकत चालली आहे असं समजावं. या मताची जमेची बाजू खरी आहे. मॅनेजरने विचारल्यावर माणसं ‘ठीक चाललंय’ म्हणतात, तेव्हाही नोंदी होतच असतात. पण हे प्रमाण आज ज्या रीतीने काढलं जातं, त्या रीतीने ते पुष्कळदा थकव्याऐवजी भूगोल मोजतं. जिथे भूगोलाचा घोळ नसतो, तिथेही ते चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतं.

आधी भूगोलाचं पाहू. जिराच्या इतिहासातून काढलेली एक नोंद साधारण अशी दिसते:

```
"created": "2024-06-14T20:47:12.000+0000",
"fromString": "In Progress", "toString": "Done"
```

शेवटचं `+0000` काम करणाऱ्याच्या गावाचं घड्याळ सांगत नाही. ते फक्त ही वेळ यूटीसीमध्ये लिहिली आहे एवढंच सांगतं. 14 जून 2024 हा शुक्रवार. नोंद पुण्यातल्या माणसाची असेल, तर त्याच्याकडे शनिवार उजाडून पहाटेचे 2 वाजून 17 मिनिटं झाली होती. कॅलिफोर्नियातल्या माणसाची असेल, तर शुक्रवारची दुपार, पावणेदोनचा सुमार. डॅशबोर्ड मात्र दोघांनाही शुक्रवार संध्याकाळच्या खात्यात टाकतो.

ही चूक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही, कारण ती दोन्ही बाजूंनी उलटी पडते. यूटीसीची रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ आपल्याकडे पहाटे साडेतीन ते सकाळी साडेअकरा अशी येते. म्हणजे हिंजवडीतला इंजिनियर सकाळी दहाला चहा घेऊन कामाला बसला की त्याची नोंद ‘रात्रीची’ ठरते, आणि त्याने खरोखर रात्री साडेबारापर्यंत जागून केलेलं काम ‘संध्याकाळचं’. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर आवराआवर करताना बंद केलेलं तिकीट यूटीसीत शनिवारी पडतं. ज्या कंपन्यांचा एक भाग पुण्यात आणि एक भाग अमेरिकेत असतो, तिथे असा आलेख मांडून त्यावर चर्चा करणं म्हणजे टीमचा नकाशा पाहून तिच्या प्रकृतीवर बोलणं आहे. उपाय सोपा आहे: प्रत्येक नोंद ती करणाऱ्याच्या स्थानिक वेळेत बदलून घ्यायची. पण तो टाळला जातो, कारण त्यासाठी कोण कुठे बसतो हे माहीत असावं लागतं आणि मधल्या काळात कोण गाव बदलून गेला हेही.

दुसरी गफलत नोंद कोणाच्या हातची यात असते. मध्यरात्री चालणारा स्वयंचलित नियम जुनी तिकिटं बंद करतो आणि तो नियम एखाद्या माणसाच्या खात्यावरून चालवलेला असला की नोंदीवर त्याचं नाव येतं. एकाच मिनिटात एकाच नावाच्या तीसचाळीस नोंदी, आणि त्याही रोज नेमक्या त्याच वेळी दिसल्या, तर तो माणूस झोपलेला होता असं खुशाल धरावं. उलट बाजूने, बरेच जण इतिहास न काढता नुसता `updated` हा रकाना उतरवून घेतात. त्यात फक्त शेवटचा बदल असतो. शनिवारी रात्री झगडून सोडवलेल्या तिकिटावर सोमवारी कोणी लेबल चिकटवलं की शनिवारची रात्र पुसली जाते.

आता समजा, हे सगळं दुरुस्त केलं. मग तरी रात्रीचं प्रमाण ताण सांगेल का? पूर्वपक्षाकडे इथे एक चांगला आधार आहे. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठातल्या मेलिक क्लेस आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये मोझिला फायरफॉक्सच्या नोंदी अभ्यासल्या. फायरफॉक्सने 2011 मध्ये दीर्घ काळाने आवृत्ती काढण्याची पद्धत सोडून दर काही आठवड्यांनी आवृत्ती काढायला सुरुवात केली. त्यानंतर शनिवार-रविवारचं काम लक्षणीय कमी झालं आणि रात्रीचंही घटलं, असं त्यांना आढळलं. हा अभ्यास मला मोलाचा वाटतो, पण तो काय करतो ते नीट पाहावं. तो एका प्रकल्पाची त्याच्याच भूतकाळाशी तुलना करतो. ‘अमुक टक्क्यांच्या वर म्हणजे धोका’ अशी रेघ तो ओढत नाही. शिवाय फक्त मोझिलाच्या पगारी माणसांपुरतं पाहिलं, तेव्हा हा परिणाम टिकला, पण आकाराने लहान झाला. ते साहजिक आहे. स्वयंसेवकाला रविवारच मोकळा मिळतो आणि त्याची रविवारची नोंद त्याच्या आवडीची असू शकते. तेव्हा पूर्वपक्षाचा हा सर्वांत भक्कम पुरावाही सरसकट टक्केवारीच्या बाजूने उभा राहत नाही.

माझा सिद्धान्त असा की, नोंद किती वाजता झाली यापेक्षा दोन नोंदींमध्ये किती अंतर होतं ते पाहावं. आजच्या शेवटच्या नोंदीपासून उद्याच्या पहिल्या नोंदीपर्यंतचा काळ मोजायचा. युरोपीय संघाच्या 2003 च्या कामाच्या वेळांच्या निर्देशात चोवीस तासांत सलग 11 तास विश्रांती किमान मानली आहे. तोच आकडा मापाला धरता येतो.

पुण्यातल्या एका टीममधली दोन माणसं कल्पू. पहिली रोज रात्री 11:40 च्या आसपास शेवटचं तिकीट हलवते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकला उगवते. मधे 13 तास 20 मिनिटं. महिनोन्‌महिने तिचा हाच क्रम आहे. दुपारी मुलाला शाळेतून आणून ती कामाला बसते. दुसऱ्याची शेवटची नोंद पूर्वी संध्याकाळी सातची असे आणि पहिली सकाळी 9:45 ची. गेल्या तीन आठवड्यांत या वेळा रात्री 9:50 आणि सकाळी 7:10 अशा झाल्या आहेत. पावणेपंधरा तासांवरून 9 तास 20 मिनिटांवर. त्याची एकही नोंद दहाच्या पुढची नाही, शनिवारची नाही. स्थानिक वेळेत दुरुस्त केलेला डॅशबोर्डही पहिलीला लाल रंगवेल आणि दुसऱ्याला हिरवा, आणि मॅनेजर जाऊन पहिलीशी बोलेल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे: माणसाचं सगळं काम तिकिटावर उतरत नाही. साडेनऊचा क्लायंट कॉल, व्हॉट्सअॅपवरचे निरोप, पडद्यावर डोळे लावून शोधलेला बग यांचा तिथे मागमूस नसतो. खरंच आहे. म्हणूनच हे माप एकाच दिशेने वाचायचं. नोंदींमधलं अंतर म्हणजे विश्रांतीची कमाल मर्यादा. खरी विश्रांती तेवढी किंवा त्याहून कमीच असणार. अंतर 9 तास 20 मिनिटं आणि दोन्ही टोकांच्या नोंदी माणसाच्याच हातच्या असतील, तर 11 तासांची विश्रांती झाली नाही हे पक्कं. अंतर चौदा तास असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. तो कदाचित मध्यरात्रीपर्यंत कॉलवर होता. रात्रीच्या टक्केवारीत अशी एका बाजूने तरी खात्रीची जागा कुठेच नाही. एखादी तुटकी रात्र कोणाच्याही वाट्याला येते, ऑन-कॉलच्या आठवड्यात तर हमखास. पण एकाच माणसाचं अंतर सलग दोनतीन आठवडे 11 तासांच्या खाली आणि त्याच्या स्वतःच्या जुन्या क्रमापेक्षा कमी राहिलं, तर ते गांभीर्याने घ्यावं.

नावानिशी आलेख वरिष्ठांच्या बैठकीत दाखवायला माझा विरोध आहे. एकदा ते कळलं की लोक रात्री काम करतील आणि तिकीट सकाळी हलवतील. मग नोंद उरेल, माहिती जाईल. अंतर ज्याचं त्याला दिसावं आणि टीम लीडला फक्त एवढंच कळावं की या महिन्यात 11 तासांखालच्या रात्री किती होत्या आणि त्या कुठल्या वारांना पडल्या. त्या मंगळवारी-गुरुवारी एकवटलेल्या दिसल्या, तर त्या दिवसांच्या रात्रीच्या कॉलनंतर दुसऱ्या दिवशीची सकाळची बैठक दुपारी ढकलायची आणि पुढच्या महिन्यात तोच आकडा पुन्हा काढायचा.