इकॉलॉजिकल फॅलसीचं गोत्र

देशाच्या किंवा जिल्ह्याच्या सरासरीवरून तिथल्या माणसाबद्दल निष्कर्ष काढणाऱ्या शोधनिबंधावर ‘इकॉलॉजिकल फॅलसी’चा शिक्का बसतो. या गफलतीचा झाडाझुडपांशी काही संबंध नसताना तिला हे नाव पडलं, ते माझ्या मते शिकागोमुळे. हेकेलने 1866 साली जीवशास्त्रासाठी घडवलेली ‘इकॉलॉजी’ पार्क आणि बर्जेस या शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांनी 1920च्या दशकात शहरात आणली. वनस्पतींच्या आक्रमणाची आणि अनुक्रमाची भाषा ते वस्त्यांना लावू लागले. पुढे वस्तीवार आकड्यांच्या अभ्यासालाच ‘इकॉलॉजिकल’ म्हणू लागले आणि तेच विशेषण डब्ल्यू. एस. रॉबिन्सनने 1950च्या निबंधात वापरलं. ‘फॅलसी’ ही जोड मात्र हॅनन सेल्विनची. 1958 साली दुर्खीमच्या 1897च्या आत्महत्येवरील ग्रंथाची चिकित्सा करताना त्याने ती दिली. प्रोटेस्टंट जास्त असलेल्या प्रशियन प्रांतांत आत्महत्या जास्त, एवढ्यावरून आत्महत्या प्रोटेस्टंटच करत होते असं ठरत नाही. कदाचित त्यांच्यात अल्पसंख्य ठरलेले कॅथलिकही त्या करत असतील.

तरी या घराण्याचा मूळपुरुष मी रॉबिन्सनलाच मानतो. यावर थॉर्नडाइकचं नाव पुढे करून आक्षेप घेता येतो: गटांचा सहसंबंध व्यक्तींवर लादण्यातला दोष त्याने 1939मध्येच कल्पित आकड्यांनी दाखवला होता. ते खरंच, पण कल्पित आकड्यांना ‘प्रत्यक्षात असं होत नाही’ म्हणून टोलवता येतं. रॉबिन्सनने अमेरिकेची 1930ची जनगणना घेतली. त्यात राज्यवार पाहता, परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण आणि निरक्षरता यांचा सहसंबंध उणे 0.53च्या आसपास निघाला, जणू स्थलांतरितच जास्त साक्षर. त्याच जनगणनेत माणसं एकेक मोजली तेव्हा तो अधिक 0.12 झाला, म्हणजे स्थलांतरित किंचित जास्त निरक्षर. कारण साधं होतं: हे लोक मुळातच साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत स्थायिक होत. राज्याच्या आकड्यात दिसत होती ती शेजाऱ्यांची साक्षरता. आकडा नुसता फुगला असता तर सावधगिरीने भागलं असतं. इथे दिशाच उलटली. म्हणून मला हेच उदाहरण निर्णायक वाटतं.

मग जिल्हावार आकडे फेकून द्यायचे का? हर्बर्ट मेंझेलने 1950मध्येच रॉबिन्सनला उत्तर दिलं, की प्रश्नच प्रदेशाबद्दलचा असेल तर असा सहसंबंध उपयोगी आहे. मला हे मान्य आहे. कोणत्या जिल्ह्यात शाळा कमी पडतात हे जिल्ह्याच्या आकड्यावरून विचारता येतं. तिथला निरक्षर माणूस कोण, हे नाही. शोधनिबंध तपासताना म्हणून आधी तक्त्यातली एक ओळ कशाची आहे ते बघावं, मग निष्कर्षाच्या वाक्याचा कर्ता. ओळ जिल्ह्याची आणि कर्ता माणूस असेल, तर लेखकाकडे व्यक्तिगत आकडे मागावेत.